हप्ता तोच राहिला, मग पन्नास हजार गेले कुठे?

"मॅडम, उसाच्या बिलातले 50,000 रुपये घराच्या कर्जात भरले, तरी हप्ता एक रुपयानेही कमी झाला नाही. दरवर्षी असेच भरत राहायचे का? की हप्ता कमी करून द्या, असा अर्ज बँकेत द्यावा?"

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करणारे हे गृहस्थ मूळचे निपाणी भागातले. कर्ज 25 लाखांचे, 20 वर्षांचे, व्याजदर साडेआठ टक्के आणि हप्ता 21,696 रुपये. त्यांनी आणलेला कर्जखात्याचा उतारा मी टेबलावर पसरला आणि पहिल्या हप्त्याच्या ओळीवर बोट ठेवले: त्यातले 17,708 रुपये व्याजात गेले होते, मुद्दल फिटले होते जेमतेम 3,988 रुपयांचे. वर्षभरात बारा हप्त्यांचे 2 लाख 60 हजार भरूनही मुद्दल 50 हजारांपेक्षा किंचित कमीच उतरले होते. म्हणजे वर्षभराच्या हप्त्यांनी जेवढे मुद्दल फेडले, तेवढेच उसाच्या एका बिलाने एका दिवसात फेडले. त्याचा परिणाम हप्त्यावर दिसत नाही, कारण तो मुदतीच्या शेवटी दिसतो: त्या एका भरण्याने अखेरचे सुमारे अकरा हप्ते गळतात आणि 1 लाख 90 हजारांच्या आसपास व्याज वाचते.

अर्ज दिला असता तर मुदत तीच राहून हप्ता सुमारे 443 रुपयांनी उतरला असता, आणि वाचलेले व्याज 51 हजारांच्या घरातच राहिले असते. ज्यांना दरमहा हप्ता झेपतच नाही, त्यांना तो मार्ग योग्य आहे. यांची तशी अडचण नव्हती.

दर तोच राहिला आणि दरवर्षी 50,000 भरत गेले, तर 20 वर्षांचे कर्ज जवळपास 14 वर्षांत फिटते आणि 27 लाखांचे एकूण व्याज 18 लाखांच्या आत येते. यात सुरुवातीच्या भरण्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो; अखेरच्या वर्षी तेच 50,000 दोन-अडीच हप्त्यांपुरतेच उरतात. म्हणून ज्या वर्षी बिल उशिरा येईल किंवा दवाखान्याचा खर्च निघेल, त्या वर्षी भरणा चुकला तरी चालेल, पण घरातली सहा महिन्यांची शिल्लक मोडून तो करू नये, असे मी त्यांना सांगितले. दर वाढला, तर बँक बहुधा मुदतच लांबवते, हेही सांगितले.

एक चूक मात्र मी अनेकांच्या उताऱ्यांत पाहिली आहे: रक्कम मुद्दलात न जाता आगाऊ हप्ते म्हणून जमा झालेली असते. म्हणून पावतीवर समाधान न मानता आम्ही पुढची ओळ पाहिली. बाकी पूर्ण 50,000 ने उतरली होती आणि पुढच्या महिन्याचे व्याज 17,356 ऐवजी 17,002 लागले होते. दर बदलता असल्याने मुदतपूर्व भरण्याचे शुल्कही लागलेले नव्हते.

त्यांनी खिशातला कन्नडमध्ये भरून घेतलेला अर्ज काढला, "हप्ता कमी करणे" या ओळीवर काट मारली आणि शेजारी "मुदत कमी करणे" असे कन्नडमध्ये कसे लिहायचे, ते मला विचारले.