‘दहा वर्षांत दुप्पट’ म्हणजे नेमके किती टक्के?

प्रश्न: ओळखीतला एजंट म्हणतो, १० वर्षांत पैसे दुप्पट, म्हणजे वर्षाला सरळ १० टक्के. पोस्टात किसान विकास पत्राला ७.५ टक्केच आहेत, तरी तिथे ११५ महिन्यांत दुप्पट होतात म्हणे. हे कसं काय? कुणीतरी ७२ ने भागायला सांगितलं, पण कळलं नाही.

उत्तर: पोस्टाचं बरोबर आहे. एजंटने १०० भागिले १० केलं, तिथे गडबड झाली. तो हिशोब सरळव्याजाचा. व्याज मुद्दलात मिळत असेल तर १०० नाही, ७२ घ्यायचे. ७२ ला वर्षांनी भागलं की दर मिळतो, दराने भागलं की वर्षं. त्याच्या १० वर्षांना लावा: ७.२ टक्के. म्हणजे त्याची योजना पोस्टापेक्षाही थोडी कमीच देते.

आता किसान विकास पत्र. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर ७.५ टक्के आणि मुदत ११५ महिने ठरली. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, त्याला १२ ने गुणलं की ११५.२ महिने. तोंडी हिशोब आणि सरकारी आकडा यांत आठवड्याभराचाही फरक नाही. १ लाख ठेवले तर पहिल्या वर्षी व्याज ७,५०० रुपये. पाचव्या वर्षाअखेर रक्कम १,४३,५६३ होते. म्हणजे निम्म्याहून जास्त मुदत सरली तरी निम्मं व्याज अजून जमलेलं नाही, आणि इथेच बरेच जण वैतागून पैसे काढतात. पण नवव्या एका वर्षाचं व्याज १३,३७६ रुपये असतं. दर तोच, फक्त तो आता फुगलेल्या रकमेवर लागतो. दरवर्षी ७,५०० च मिळाले असते तर दुप्पट व्हायला १३ वर्षं ४ महिने लागले असते.

७२ च का? गणिताने खरा आकडा ६९.३ च्या आसपास येतो, तोही दर अगदी बारीक असेल तेव्हा. दर वाढला की तो आकडाही हळूहळू वाढतो आणि ८ टक्क्यांजवळ ७२ वर येतो. शिवाय ७२ ला ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या लुका पाचोलीच्या अंकगणिताच्या ग्रंथातही हा नियम आहे, त्यामुळे कुणी ‘आमची ट्रिक’ म्हणून सांगत असेल तर हसून सोडून द्या.

बँकेच्या मुदत ठेवीत व्याज बहुधा दर तिमाहीला मुद्दलात मिळतं. तिथे ७२ ऐवजी ७० घ्या. ७ टक्क्यांना १० वर्षं येतात, आणि प्रत्यक्षातही जवळपास तेवढीच लागतात. मात्र ठेव क्युम्युलेटिव्ह हवी. व्याज दरमहा बचत खात्यात घेत असाल तर मुद्दल जन्मभर तेवढंच राहणार. आणि कर विसरू नका. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि कर त्या व्याजातूनच भरत असाल, तर ७ चे उरतात ४.९, आणि १० वर्षांची साधारण सव्वाचौदा होतात.

नियम लंगडा पडतो तो मोठ्या दरांना. ‘३ वर्षांत दुप्पट’ ला ७२ लावलं तर २४ टक्के येतात, खरे लागतात २६. यावर उपाय सोपा आहे: ८ च्या वर दर ३ टक्क्यांमागे ७२ मध्ये १ वाढवा. २६ ला ७८ होतात, आणि ७८ भागिले २६ बरोबर ३.

खरं सांगू? मी हा नियम वर्षं काढायला फारसा वापरतच नाही, उलटा वापरतो. माझ्या सासऱ्यांनी एका पतसंस्थेत ‘५ वर्षांत दामदुप्पट’ म्हणून पैसे ठेवले होते. पावतीवर टक्केवारी कुठेच नव्हती, फक्त भरलेली रक्कम आणि मिळणारी रक्कम. ७२ भागिले ५ म्हणजे जवळपास साडेचौदा टक्के. ठेवीदाराला एवढं द्यायचं तर संस्थेने कर्ज १७–१८ टक्क्यांनी तरी द्यायला हवं, आणि ते वेळेवर फिटायलाही हवं. ज्याला बँक कमी दरात कर्ज देते, तो असल्या दाराशी कशाला जाईल? हा हिशोब आम्ही केला तो चौथ्या वर्षी, पैसे अडकल्यावर.

एजंटला एकच विचारा: पैसे एकरकमी भरायचे की दरवर्षी हप्ता? हप्ता असेल तर ७२ लावूच नका, कारण शेवटचा हप्ता जेमतेम वर्षभर राहिलेला असतो. हप्त्याची रक्कम, किती वर्षं भरायचा आणि शेवटी हातात किती येणार, हे तीन आकडे इथे टाका, दर काढून देतो.