ॲनिमेशनमध्ये वॉक सायकल, म्हणजे चालण्याचा लूप, दुप्पट वेगाने चालवली तरी पात्र धावतंय असं वाटत नाही. पोझ कोणत्या फ्रेमवर ठेवू?

चालताना एक तरी पाय कायम जमिनीवर असतो. धावताना दर पावलाला दोन्ही पाय हवेत जातात, आणि नुसता वेग वाढवून ते येत नाही. सेकंदाला 24 फ्रेम धरून 16 फ्रेमची सायकल घ्या: 1 वर कॉन्टॅक्ट, म्हणजे पाय जमिनीला टेकतो ती पोझ, 3 वर शरीर सर्वांत खाली, 5 वर पासिंग, म्हणजे मागचा पाय टेकलेल्या पायाजवळून पुढे जातो ती पोझ, 7 वर हाय, म्हणजे शरीर सर्वांत वर, 9 वर दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट, आणि तिथून 16 पर्यंत हाच क्रम दुसऱ्या पायाने. खरी गोम पासिंगमध्ये आहे. चालताना तिथे टेकलेला पाय सरळ असतो, म्हणून कंबर उचलली जाते. धावताना तोच गुडघा वाकलेला ठेवा. उंची 7 वर, हवेत मिळू द्या. फ्रेम 17 ही 1 चीच प्रत, ती लूपमध्ये राहिली तर दर फेरीला झटका दिसतो.