लघवीतला पोटॅशियम 18 आला आणि माझे नऊ महिने गेले

प्रश्न: आई 58 वर्षांची, नागपूरलाच असते. हातपाय गळून गेले म्हणून नेलं तर रक्तात पोटॅशियम 2.6. दोन दिवस तीन-चार जुलाब झाले होते. लघवीतला पोटॅशियम 16 आला, डॉक्टर म्हणाले 20 च्या आत आहे म्हणजे किडनी ठीक, पोटातून गेलाय. पण तीन महिन्यांपूर्वीही 2.8 होता, तेव्हा पोट अगदी ठीक होतं. लघवीची तपासणी खरंच एवढं सांगते का?

उत्तर:

तुमचा तो 16 वाचून मी चहा बाजूला ठेवला. माझा 18 होता. वाक्यही तेच, "20 च्या आत आहे, किडनी ठीक आहे."

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवते आणि स्वतःच्या आजारापायी हे सगळं शिकावं लागलं. खालचं वाचून औषध बदलू नका, डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं घ्या. आणि आईंचे हातपाय अजून ढिले असतील, छातीत धडधडत असेल किंवा श्वास जड वाटत असेल, तर हे नंतर वाचा, आधी ईसीजी काढा.

माझी गोष्ट मे महिन्यातली. बाहेर 45 डिग्री, घरात कूलर, आणि मला दोन दिवस जुलाब. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताच येईना. मांड्या जणू माझ्या नव्हत्याच. पोटॅशियम 2.1 निघाला. भरती केलं, सलाईन सुरू झालं, लघवी तपासायला गेली. जुलाब झालेले, रक्तातला बायकार्बोनेट 13 म्हणजे शरीरात आम्ल वाढलेलं, आणि लघवीत पोटॅशियम 18. सगळं जुलाबात बसत होतं. पाचव्या दिवशी घरी सोडलं, कागदावर लिहिलं की उन्हाळ्यातले जुलाब, पोटॅशियम कमी. ऑगस्टमध्ये पुन्हा 2.4. जानेवारीत पुन्हा 2.2. त्या दोन्ही वेळी जुलाबाचा पत्ता नव्हता, पण कागदावर निदान तेच उतरत गेलं. एकदा रोगाला नाव पडलं की पुढचा माणूस फाईल उघडून तेच नाव नकलून घेतो. याचा मला अजून राग आहे.

आता चूक कुठे होती ते. रक्तात पोटॅशियम कमी पडला की धडधाकट किडनी कंजूष होते. पोटातून तो गेला असेल तर ती लघवीत जवळजवळ सोडतच नाही. म्हणून लघवीतला आकडा लिटरमागे 15-20 च्या खाली असेल तर दोष आतड्याचा, वर असेल तर किडनीचा, असं ढोबळ गणित. ते चूक नाही. पण तो आकडा लिटरमागे आहे, आणि लघवी किती पातळ आहे यावर तो हलतो. सरबताचंच उदाहरण घ्या. साखर तेवढीच ठेवून पाणी तिप्पट केलं तर घोट पाणचटच लागणार. मी तेव्हा दिवसाला चार-पाच लिटर पाणी पीत होते आणि वरून सलाईन. शिवाय पोटॅशियम बरेच दिवस कमी राहिला की किडनीला लघवी घट्ट करणंच जमेनासं होतं, माणूस सारखा लघवीला जातो. म्हणजे आजार स्वतःच लघवी पातळ करतो आणि पातळ लघवी आजार झाकते.

यावर उपाय साधा आहे. त्याच नमुन्यात क्रिएटिनिन मोजायचं. क्रिएटिनिन दिवसभर साधारण एकाच वेगाने बाहेर पडतं, त्यामुळे लघवी किती पातळ झाली ते त्यावरून कळतं. पोटॅशियमला त्याने भागायचं. माझ्या लघवीत क्रिएटिनिन 25 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होतं, म्हणजे लिटरला 0.25 ग्रॅम. 18 भागिले 0.25 म्हणजे 72. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे हा आकडा साधारण 13 च्या वर गेला की किडनी पोटॅशियम गळते आहे असं धरतात. माझा 72. काठावरची केस नव्हतीच ती.

आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की क्रिएटिनिनचा तो आकडा पहिल्या दिवसापासून माझ्या फाईलमध्ये होता. प्रथिनं बघायला त्याच बाटलीतल्या लघवीवर दुसरी तपासणी केलेली, तिच्यात तो छापलेला. दोन कागद, दोन वेगळी पानं. नऊ महिन्यांत कुणी शेजारी ठेवले नाहीत. तिसऱ्या भरतीनंतर ज्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्यांनी माझ्याच लिफाफ्याच्या मागे पेनाने भागाकार केला. अर्धा मिनिट लागला असेल. मी गणिताची बाई, आणि मला कधी सुचलं नाही!

पुढची पायरी आम्ल-क्षाराची. बायकार्बोनेट कमी असेल तर जुलाब किंवा किडनीच्या नळ्यांचा दोष या दोन्ही शक्यता उरतात. पहिल्यात लघवीतला पोटॅशियम कमी, दुसऱ्यात जास्त. बायकार्बोनेट वाढलेला असेल तर गोष्ट वेगळी, मग उलट्या, लघवी होण्याच्या गोळ्या वगैरेंकडे बघतात. इथे एक गंमत लक्षात ठेवा. उलट्यांमध्ये पोटॅशियम मुख्यतः उलटीतून जात नाही, किडनीतूनच जातो. त्यामुळे लघवीत जास्त दिसला म्हणून किडनी बिघडली असं होत नाही. तिथे लघवीतला क्लोराइड बघतात. उलट्यांत तो कमी असतो, गोळ्या चालू असतील तर जास्त.

बायकार्बोनेटबद्दल एक आडवळणाची टीप. आपल्याकडे बऱ्याच लॅबच्या साध्या इलेक्ट्रोलाइट रिपोर्टवर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच असतं. बायकार्बोनेट हवा तर रक्तवायूची तपासणी सांगावी लागते. मनगटातून सुई घालतात, दुखतं. नुसत्या बायकार्बोनेटसाठी शिरेतलं रक्तही बहुतेक वेळा चालतं, विचारून बघा. जुने रिपोर्ट असतील तर सोडियममधून क्लोराइड वजा करा. साधारण 36 च्या आसपास यायला हवं. माझं सोडियम 138, क्लोराइड 115, फरक 23. एवढा फरक आटला की बायकार्बोनेट कमी असल्याची शंका घ्यायला हरकत नाही. शंकाच, निदान नव्हे.

माझ्या बाबतीत भागाकारानंतर डॉक्टरीणबाईंनी लघवी पुन्हा तपासली, या वेळी तिन्ही आकडे. सोडियम 44, पोटॅशियम 30, क्लोराइड 50. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा केला तर अधिक 24. जुलाबात किडनी आम्ल बाहेर टाकायला अमोनियम सोडते, त्याच्यासोबत क्लोराइड जातो आणि ही वजाबाकी शून्याखाली जाते. माझी वर राहिली, म्हणजे किडनी आम्ल फेकतच नव्हती. लघवीचा पीएच 7 होता. मात्र नुसत्या पीएचवर कुणी निकाल देत असेल तर थांबवा, कारण बरेच दिवस पोटॅशियम कमी असेल तर जुलाबातही तो वर जाऊ शकतो.

निदान निघालं डिस्टल रीनल ट्युब्युलर अॅसिडोसिस, म्हणजे किडनीच्या नळ्यांना आम्ल लघवीत टाकता येत नाही तो दोष. त्याच्या मुळाशी श्योग्रेन, म्हणजे शरीर स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठतं तो आजार. माझं तोंड दोन वर्षं कोरडं होतं. तर्री ओतल्याशिवाय पोहे घशाखाली उतरत नव्हते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, "काहून वं, माठ उशाशी घेऊन झोपतं का?" सगळ्यांनी दोष दिला उन्हाला आणि कूलरला. नागपुरात मे महिन्यात तोंड कोरडं पडतं म्हटलं तर कोण ऐकून घेणार? पण माझं डिसेंबरातही पडायचं. आईंना हे विचारा, आणि सोनोग्राफीत किडनीत बारीक खडे किंवा पांढरे ठिपके लिहिलेत का ते बघा. माझ्यात होते. आधीच्या सोनोग्राफीतही होते, कुणी बोललं नव्हतं.

नाव बदलल्याने फरक काय पडला? औषध बदललं. मला नऊ महिने पोटॅशियम क्लोराइडचं सिरप मिळत होतं. त्याने आकडा चढायचा, सिरप संपलं की पडायचा, कारण क्लोराइडने आम्ल हटत नाही. आता पोटॅशियम सायट्रेट आहे, ते दोन्ही कामं करतं. फक्त क्रम महत्त्वाचा. पोटॅशियम फार खाली असताना आम्ल उतरवायला आधी सोडा दिला तर पोटॅशियम आणखी खाली जातो, म्हणून आधी पोटॅशियम थोडा वर आणतात. संत्री आणि शहाळ्याचा सल्ला तुम्हालाही एव्हाना मिळाला असेल. एका संत्र्यात पाच-सहा मिलिइक्विव्हॅलंट, सिरपच्या 15 मिलिलिटरमध्ये 20. खा खुशाल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणि शेजारणीचं सिरप आईंना परस्पर पाजू नका. किडनी मंद असेल तर पोटॅशियम उलट चढतो, आणि तो चढणं उतरण्याइतकंच वाईट.

भागाकारालाही मर्यादा आहेत बरं. अगदी वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी, आणि उत्तर फुगून येतं. पोटॅशियमची बाटली लावल्यावर घेतलेल्या नमुन्यात पोटॅशियम जास्त दिसणारच. उपचार थांबवून नमुन्याची वाट बघा असं कुणीच म्हणणार नाही, पण सलाईन लावताना एक डबी लघवी बाजूला ठेवायला किती वेळ लागतो? शंका राहिलीच तर 24 तासांची लघवी गोळा करतात. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या सकाळची पहिली घ्यायची. हे मला काउंटरवर कुणी सांगितलं नाही, एक अख्खा कॅन वाया गेला.

तुमच्या आईंचं हेच असेल असं मी म्हणत नाही. बीपीची गोळी चालू असेल तर तिच्यात क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध आहे का ते पाकिटावर वाचा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. मॅग्नेशियम एकदाही तपासलं नसेल तर तेही सांगा, ते कमी असेल तर किडनी पोटॅशियम धरून ठेवत नाही, कितीही सिरप पाजा.

त्या 16 च्या दिवशीचं लघवीतलं क्रिएटिनिन फाईलमध्ये कुठे दिसतं का बघा. प्रथिनांच्या रिपोर्टचं पान आधी चाळा. नसेल आणि नमुना ताजा असेल तर लॅबला फोन करा, काही लॅब एक-दोन दिवस ठेवतात. आकडा मिळाला की इथे टाका, सोबत रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड पण.