जायचं सांगताना पहिलं वाक्य कुणाचं?

माई,
मी बेळगावच्या वडगावात सासरी राहते. मला बेंगळुरूला चांगली नोकरी लागलीय आणि ह्यांनाही त्यांच्या कंपनीच्या तिथल्या शाखेत बदली मिळतेय. जूनमध्ये चार वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं ठरलंय. आम्ही दोघंही खूप खूश आहोत. घरात सासू-सासरे, धाकटे दीर आणि समोरच काका-काकू आहेत. सासऱ्यांचे माग आहेत, मुलीला दिवसभर सासूबाईच बघतात. आम्ही टाकून चाललोय असं कुणाला वाटू नये, असं कसं सांगू? की जावं लागतंय म्हणून सांगू?
— वडगावची एक सून

पोरी,

‘जावं लागतंय’ असं अजिबात सांगू नकोस. तू आनंदात आहेस, आणि चार दिवसांत तो आनंद तुझ्या तोंडावर दिसेलच. मग सासूबाईंना दोन दुःखं होतील: तुम्ही चाललात हे एक, आणि आपल्यापासून लपवलंत हे दुसरं. शिवाय नाइलाज सांगितला की घरची माणसं तो दूर करायला धावतात. सासरे म्हणतील, ‘उद्यमबागेतल्या कारखान्यात ओळख आहे, बोलून बघतो.’ काका आणखी कुणाचं तरी नाव काढतील. त्या प्रत्येकाला तुम्हाला नकार द्यावा लागेल, आणि त्यातला एकेक नकार त्यांना टाकून जाण्यासारखाच लागेल.

यात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे नोकरी तुझी आहे. आपल्याकडे अशा वेळी पहिला बोल सुनेवर येतो, ‘हिनंच त्याला फोडलं.’ म्हणून त्याच्या आई-वडिलांना त्यानंच सांगायचं, तू शेजारी बसायचं. त्याच्या तोंडात ‘हिला नोकरी लागली, म्हणून...’ अशी सुरुवात येता कामा नये. त्या एका वाक्यात तो स्वतः बाजूला होतो आणि सगळं तुझ्या पदरात पडतं. त्यानं स्वतःची इच्छा स्वतःच्या तोंडानं बोलून दाखवली पाहिजे. साधारण असं:

‘आई, बाबा, एक आनंदाची गोष्ट आहे. आम्ही दोघं बेंगळुरूला जायचं ठरवलंय, जूनमध्ये. मला तिथं काम करून बघायचंय, हिलाही मनासारखी नोकरी मिळालीय. कुणाला कळायच्या आधी तुम्हाला सांगायचं होतं. गणपतीला पाच दिवस घरी असणार, दोघांनी रजेचं ऑफिसात बोलून घेतलंय. आणि आई, घर लावायला पहिले पंधरा दिवस तू आमच्याबरोबर चल.’

एवढंच, आणि मग गप्प बसायचं.

यात ‘ठरवलंय’ आहे, ‘जाऊ का?’ नाही. परवानगी मागायची आणि उत्तर आधीच ठरलेलं असायचं, हे वडीलधाऱ्यांना नुसत्या बातमीपेक्षा जास्त लागतं. रजेचं मात्र आधी खरंच बोलून घ्या. तू तर नव्या नोकरीत असशील, रुजू व्हायच्या आधीच विचार. पाच दिवस मिळणार नसतील तर दोनच सांगा, पण ते पाळा. ‘आम्ही येतच राहू की’ हे प्रत्येक जाणारा म्हणतो, त्यावर आता कुणाचा विश्वास नाही. तिकिटाचं खोटं सांगू नका. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळं आज गणपतीचं तिकीट हातात असणं शक्यच नाही. त्यापेक्षा ते काम दिराकडे द्या, ‘आरक्षण उघडलं की तूच काढ रे.’ बेंगळुरू 500 किलोमीटरवर असलं तरी रात्रीच्या रेल्वेत बसलं की सकाळी पोचतं, आणि 2025 च्या ऑगस्टपासून वंदे भारतही थेट बेळगावहून सुटते. पण ही माहिती त्यांनी विचारल्यावर द्यायची. आईचे डोळे भरलेले असताना रेल्वेचं वेळापत्रक ऐकवू नये.

सासूबाई रडतील असं धरून चाल. चार वर्षं जे पोर त्यांच्या हातून जेवलं, ते जाणार आहे. तेव्हा ‘व्हिडिओ कॉल आहे की’ म्हणू नकोस. त्यांचं खरंच काहीतरी जातंय, त्याला तेवढंच मोठं राहू दे. ‘तिलाही तुमच्याशिवाय जड जाणार’ एवढं म्हटलंस तर ते खरंही आहे आणि पुरेसंही. पंधरा दिवसांचं बोलावणं मात्र दोन खोल्यांचं भाडं परवडणार असेल तरच करा. एका खोलीत बोलावून अवघडून परत पाठवणं वाईट.

कारणं सांगताना तिथं काय मिळणार तेवढंच सांगा. ‘बेळगावात काही स्कोप नाही’ हे वाक्य मला फार खुपतं. ज्या माणसानं याच वडगावात माग चालवून तुझ्या नवऱ्याला शिकवलं, त्याला ते सांगायचं? ‘पोरीच्या शिक्षणासाठी’ हेही तसंच, कारण तुम्ही दोघं इथंच शिकलात. ‘तिथं मला अमुक काम करायला मिळेल’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला आपल्या आयुष्याची बाजू घेऊन भांडावं लागत नाही.

सांगायची वेळ घरातलीच असू दे, चहानंतरची, दुसरं कुणी नसताना. लग्नात किंवा यात्रेच्या जेवणावळीत सांगितलं तर त्यांना चारचौघांत हसरं तोंड ठेवावं लागेल आणि राग पुढं महिनाभर निघत राहील. त्याच संध्याकाळी समोर जाऊन काका-काकूंना सांगा, आणि रात्री आत्या-मावश्यांना फोन. फॅमिली ग्रुपवर दुसऱ्या दिवशी. तुझ्या माहेरीही त्याच रात्री फोन कर, आधी नको. ‘सुनेच्या माहेरी महिनाभर आधी माहीत होतं’ हे एकदा कळलं की बाकी सगळी काळजी वाया जाते. मुलीच्या शाळेत दाखला मागायच्या आधी हे सगळं उरकून घ्या, कारण वडगावात बातमी शाळेच्या फाटकातूनच घरी येते.

ग्रुपवर एवढं पुरे: ‘आम्ही तिघं जूनमध्ये बेंगळुरूला राहायला जातोय. दोघांनाही तिथं काम मिळालंय, खूप आनंद झालाय. गणपतीला वडगावात भेटूच. त्याआधी तिकडं कुणाचं काम निघालं तर हॉटेल बघू नका, आमच्याकडे उतरा.’ माफी मागायची नाही, ‘सॉरी’ लिहायचं नाही. अपराध केल्यासारखं लिहिलं की वाचणाऱ्यालाही तो अपराध वाटतो.

सांगितल्यावर सासऱ्यांकडे लक्ष ठेव. ‘भाडं किती? पाणी कसं आहे तिकडं?’ असं विचारायला लागले तर ते मनानं तुमच्याबरोबर निघालेत. ‘तुमचं तुम्ही बघा की’ म्हणून मागाकडे निघून गेले तर त्यांना टाकल्यासारखं वाटलंय. अशा वेळी त्याच रात्री समजूत घालत बसू नका. दुसऱ्या दिवशी तुझ्या नवऱ्यानं एकट्यानं मागावर जाऊन बसावं आणि बोलावं ते कामाचं: बिलं कोण भरणार, सूत आणायला कोण जाणार, दवाखान्यात कोण नेणार. बऱ्याचदा त्यांची भीती तीच असते, फक्त बापाला ती पोराकडे बोलवत नाही.

एक चूक इथं सहज होते. ‘धाकटा आहेच की घरी’ असं दिराच्या वतीनं सगळ्यांसमोर जाहीर करू नका. बातमी सांगून झाली की त्याला बाजूला घेऊन विचारा, तो काय करू शकेल आणि तुम्ही तिकडून दर महिन्याला किती पाठवायचं. तो ‘हो’ म्हणाला की मग सासऱ्यांना त्यानंच सांगू दे.

— माई