आकडा लिहिला आणि ऐकणं थांबलं

"मॅडम, आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये मला आकडे नीट ऐकू येतात. पण बोलणारा मध्येच 'नो, सॉरी' म्हणून आकडा बदलतो आणि मी पहिलाच लिहून बसलेलो असतो. नोट्स पूर्ण करायच्या प्रश्नांत माझे दर वेळी दोन-तीन मार्क असेच जातात. काय करू?"

गेल्या वर्षी माझ्याकडे एक नर्स येत होत्या, त्यांचंही असंच होतं. 'माझा कान कच्चा आहे' हे त्या स्वतःच ठरवून आल्या होत्या. मी त्यांच्या चुकलेल्या प्रश्नाचा तुकडा पुन्हा लावला, फक्त पेन काढून घेतलं. सहलीच्या वेळेबद्दलचं बोलणं होतं: "इट स्टार्ट्स अ‍ॅट नाइन फॉर्टी-फाइव्ह... ओह, नो, दॅट्स वीकेंड्स. टेन थर्टी." काय ऐकलंत, विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "आधी पावणेदहा म्हणाला, मग साडेदहा केलं." कान ठणठणीत होता.

मग पेन परत दिलं, तसाच दुसरा तुकडा लावला आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत बसले. पहिला आकडा लिहून होताच नजर खालच्या ओळीवर गेली. आवाज दुरुस्ती सांगत होता तेव्हा त्या पुढचा प्रश्न वाचत होत्या. वाचणं आणि ऐकणं एकाच क्षणी आलं की बहुतेकांचं ऐकणं मागे पडतं. 'पुढचं वाचून ठेवा' हा क्लासमधला सल्ला चूक नाही, पण त्याची जागा ध्वनिफीत सुरू होण्याआधीच्या शांततेत आहे, आकडा लिहून झाल्यावरच्या सेकंदात नाही.

या प्रश्नांत उत्तरं नोट्सच्या क्रमानंच येतात. म्हणून आम्ही एकच नियम ठरवला: पुढच्या ओळीतला विषय कानावर पडेपर्यंत आधीची जागा उघडी. वेळेच्या खाली 'गटातली माणसं' असेल, तर 'ग्रुप' किंवा त्या अर्थाचा शब्द येईपर्यंत नजर वेळेवरच. पहिला आकडा फिकट लिहायचा. तो बदलला तर एक आडवी रेघ मारून नवा शेजारी लिहायचा. त्यावरच गिरवू नका. तीनचा आठ होतो आणि नंतर स्वतःलाच वाचता येत नाही.

फोन नंबरनं मात्र आम्हाला दमवलं. "सेव्हन सेव्हन फोर, थ्री टू... सॉरी, टू थ्री, डबल नाइन." त्यांनी ७७४३२२३९९ लिहिलं. दुरुस्तीत माणूस अख्खा नंबर पुन्हा सांगत नाही, चुकलेला तुकडा तेवढा सांगतो आणि पुढे जातो. म्हणजे 'टू थ्री'नं 'थ्री टू'ची जागा घ्यायची, त्याला शेपटीसारखं जोडायचं नाही: ७७४२३९९. त्या नंबर गटागटानं, मध्ये जागा सोडून लिहू लागल्या, तेव्हा कुठला गट खोडायचा ते दिसायला लागलं.

तीन आठवड्यांनी नवाच घोळ. आता त्या डोळे झाकून शेवटचा आकडा घेत होत्या! एका तुकड्यात बाई सांगते: खोलीत पूर्वी ४५ जण बसायचे, आता मर्यादा ३० आहे, गेल्या वर्षी तर ५२ आले होते. नोट्समध्ये लिहिलेलं होतं 'मॅक्सिमम'. यांचं उत्तर ५२. पण इथे कुणी स्वतःला दुरुस्त केलेलंच नाही, तीन वेगवेगळ्या काळांतले तीन आकडे आहेत. खरी दुरुस्ती 'सॉरी', 'नो', 'आय मीन', 'अ‍ॅक्च्युअली' अशा शब्दानं किंवा नुसत्या अडखळण्यानं कळते, आणि बदललेल्या भागावर आवाजाचा जोर पडतो. 'यूज्ड टू' किंवा 'लास्ट इयर' आलं तर शेवटच्या आकड्याकडे न बघता नोट्समधल्या शब्दाकडे बघायचं. कधी दुरुस्ती समोरचा माणूस करतो ("थर्टीन्थ? आय थॉट इट वॉज द थर्टीएथ"). तिथे पहिला बोलणारा 'येस, यू आर राइट' म्हणतो की आपल्याच तारखेवर ठाम राहतो, ते ऐकेपर्यंत थांबावंच लागतं.

तू कागदावर परीक्षा देणार असशील तर खोडलेले आकडे प्रश्नपत्रिकेवरच राहू दे. शेवटी उत्तरपत्रिकेवर उतरवायला १० मिनिटं मिळतात. संगणकावर तपासायला फक्त २ मिनिटं असतात. तिथे ज्यांना पटकन खोडता येत नाही, ते जुन्याशेजारी नवा टाइप करतात. चालेल, पण ते आकडे शेवटपर्यंत शेजारी-शेजारी राहिले तर बरोबर उत्तर लिहूनही मार्क जातो.

आता तुझे जुने सराव पेपर काढ. चुकलेल्या प्रत्येक आकड्यासाठी ध्वनिफितीची संहिता उघड आणि तू लिहिलेला आकडा तिच्यात कुठे येतो ते बघ. तो दुरुस्तीच्या आधीचा असेल तर तुझं दुखणं त्या नर्सचंच. तो संहितेत कुठेच नसेल, म्हणजे 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' झालं असेल, तर गोष्ट वेगळी. मग पुढच्या भेटीला ते पेपर घेऊन ये, आपण कानापासून सुरुवात करू.