नातीचे आडनाव: पाटील, वेबर की दोन्ही?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचक आजींनी विचारले आहे की, जर्मनीत राहणाऱ्या त्यांच्या मुलीने लग्नानंतरही माहेरचे आडनाव ठेवले आहे, जावई जर्मन आहेत, पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे, तेव्हा त्याचे आडनाव कोणते लागेल? सोयीसाठी आपण मुलीचे आडनाव पाटील आणि जावयांचे वेबर असे धरू.

पती-पत्नींनी लग्नाच्या वेळी एकच कौटुंबिक आडनाव जाहीर केले असते, तर बाळाला तेच लागले असते आणि निवडीचा प्रश्नच उरला नसता. इथे दोघांची आडनावे वेगळी असल्यामुळे निवड करावी लागेल. १ मे २०२५ पर्यंत जर्मन कायदा अशा बाळाला आई किंवा वडील यांपैकी एकाचेच आडनाव देऊ करत असे. आता पाटील, वेबर, पाटील-वेबर किंवा वेबर-पाटील असे पर्याय आहेत, आणि मधली जोडरेघ गाळताही येते. जन्मानंतर एक महिन्याच्या आत आई-वडिलांनी नोंदणी कार्यालयात निर्णय कळवला नाही, तर दोन्ही आडनावे इंग्रजी अक्षरक्रमाने जोडली जातात, म्हणजे पाटील-वेबर. मुख्य म्हणजे पहिल्या बाळासाठी केलेली निवड पुढच्या भावंडांनाही लागू होते, त्यामुळे ‘दुसऱ्याला माझे आडनाव देऊ’ असा समझोता तिथे टिकत नाही.

आपल्या पत्रातला दुसरा प्रश्न मला अधिक नाजूक वाटतो: मधले नाव वडिलांचे लावावे का? जर्मन जन्मदाखल्यात आई-वडिलांची नावे स्वतंत्र नोंदलेली असतात, पण बाळाच्या स्वतःच्या नावासाठी नावे आणि आडनाव एवढेच रकाने असतात, मध्ये वडिलांचे नाव लावायला वेगळी जागा नसते. नातीच्या नावापुढे आपल्या पद्धतीने जावयांचे नाव, समजा ‘थॉमस’, लिहिले, तर ते तिचेच दुसरे नाव ठरेल आणि पासपोर्टवरही येईल. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असला, तरी त्याचा जर्मन दाखल्यावर परिणाम होत नाही. मधले नाव घरापुरते, बारशाच्या पत्रिकेवर ठेवलेले बरे.

जर्मन पासपोर्टवर पुढे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड काढाल, तेव्हा त्यातले नाव पासपोर्टप्रमाणेच राहील. माझे मत जोडनावाकडे झुकते, कारण आई एकटी मुलीला घेऊन सांगलीला येईल तेव्हा तिचे आडनाव मुलीच्या पासपोर्टवर दिसेल. तरीही जन्मदाखल्याची प्रत सोबत असावीच. दोन व्यवहारी गोष्टी मात्र ध्यानात असू द्याव्यात. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनीय ओळींत जोडरेघ छापली जात नाही, आणि विमान कंपन्यांच्या तिकिटावर अनेकदा PATILWEBER असे सलग येते. अक्षरे तीच असल्यास घाबरू नये, पण एकच अर्धे आडनाव लिहून तिकीट काढले असेल, तर ते प्रवासाआधी दुरुस्त करून घ्यावे.