देणगीदाराला लिहायचं पत्र: मोडी कागद कसे वाचले आणि कुठे अडलो

प्रश्न: एका कुटुंबानं आमच्या ग्रंथालयाला घरचे मोडी कागद दिले. लिप्यंतर झालं आहे. आता त्यांना पत्र पाठवायचं आहे. ‘काही ठिकाणी वाचन शंकास्पद आहे’ एवढं लिहिलं तर पुरेल ना?

उत्तर:

नाही पुरणार. त्या वाक्यावरून घरच्यांना कळत नाही की शंका एखाद्या वेलांटीची आहे की पणजोबांच्या नावाची. काही दिवसांनी कुणीतरी तेच लिप्यंतर वंशावळीत उतरवतं आणि शंका मागे राहून जाते. मीही ग्रंथपाल आहे आणि अशी पत्रं लिहितो. माझा नियम असा की शंका असलेली प्रत्येक महत्त्वाची जागा पत्रात कागदाच्या क्रमांकासह सांगायची आणि ती शंका का उरली तेही सांगायचं.

पद्धतीचा भाग थोडक्यात उरकावा. एका पत्रात मी असं लिहिलं होतं:

‘स.न.वि.वि. आपण दिलेल्या कागदांच्या प्रतिमांवरून दोन वाचकांनी, एकमेकांचं काम न पाहता, स्वतंत्रपणे लिप्यंतर केलं. मग दोन्ही वाचनं ओळीला ओळ लावून ताडून पाहिली. जिथे वाचनं जुळली नाहीत तिथे मूळ कागद पुन्हा पाहिला. तरीही शंका राहिली ते अक्षर चौकोनी कंसात दिलं आहे. कागद फाटून गेलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं आहेत. संक्षेप सोडवताना आम्ही घातलेली अक्षरं गोल कंसात आहेत. जुनं लेखन आजच्या नियमांनी सुधारलेलं नाही.’

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर ‘दिल्हे’ पाहून घरच्यांना ती टंकनाची चूक वाटते.

यापुढे मोडीच्या दोन स्वभावांबद्दल लिहावं लागतं. पहिला ऱ्हस्वदीर्घाचा. मोडीत इकार आणि उकार यांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळत नाहीत, त्यामुळे देवनागरीत दिसणारी वेलांटी लिप्यंतर करणाऱ्यानं निवडलेली असते. बहुतेक ठिकाणी संदर्भानं ते निभावतं.

दुसरा जास्त नाजूक आहे. लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली सलग लिहीत जातो. दोन शब्दांत जागा नसते, विरामचिन्हं नसतात. शब्द तोडतो तो वाचक, म्हणजे आपण. याचा फटका नावांच्या यादीत बसतो. समजा साक्षीदारांमध्ये ‘बाबाजीगोविंद’ असं सलग आहे. तो बाबाजी नावाचा गोविंदाचा मुलगा असेल, किंवा बाबाजी आणि गोविंद असे दोन वेगळे साक्षीदार असतील. मधे ‘चा मुलगा’ या अर्थाचं ‘बिन’ असतं तर प्रश्नच नव्हता. यादीच्या शेवटी साक्षीदारांची संख्या दिली असेल तर ती मोजून पाहता येते. तीही नसेल तर पत्रात दोन्ही शक्यता लिहाव्यात आणि घरच्यांना मनापासून हवी असलेली शक्यता त्यांच्या हाती ठेवून मोकळं होऊ नये.

सगळ्यात जास्त जागा मी तारखेला देतो, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. एका कागदाचं उदाहरण सविस्तर सांगतो.

त्या कागदावर सुहूर सन होता. हा सन अरबी संख्याशब्दांत लिहितात, आधी एकक, मग दशक, मग शतक आणि हजार. वाचन असं आलं: ‘इहिदे […]ैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, मया व अलफ म्हणजे अकराशे. मधल्या दशकाच्या शब्दावर पाण्याचा डाग होता. शेवटचा ‘ऐन’ स्पष्ट होता आणि पहिल्या अक्षराची वेलांटीही दिसत होती. वेलांटी दिसते म्हणून ‘सबैन’ म्हणजे सत्तर बाद. ‘अर्बैन’ आणि ‘खमसैन’ही त्याच कारणानं बाद. उरले ‘सितैन’ म्हणजे साठ आणि ‘तिसैन’ म्हणजे नव्वद. दोहोंत तीच दोन अक्षरं, फक्त उलट क्रमानं, आणि डाग नेमका त्यांच्यावर. एका वाचकानं साठ वाचलं, दुसऱ्यानं नव्वद.

म्हणजे सन ११६१ किंवा ११९१. सुहूर सन मृगापासून सुरू होतो, म्हणून इसवी सन काढताना डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. कागदावर पौष शु॥ १३ अशी मिती होती, आणि दोन्ही वर्षांत ती जानेवारीत पडते. म्हणजे १७६१ किंवा १७९१.

मितीच्या जोडीला ‘छ ११ जमादिला…’ असा मुसलमानी चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तारीखही होती, तेव्हा आम्हाला वाटलं की आता सुटलं. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, त्यामुळे त्याचे महिने आपल्या महिन्यांतून सरकत राहतात. पौषाबरोबर कोणता हिजरी महिना चालू होता हे पाहिलं की बहुतेक वेळा वर्ष पक्कं होतं. दशक साठ की सत्तर असा वाद असता तर तो तिथल्या तिथे मिटला असता, कारण सुहूर ११७१ च्या पौषात रमजान होता. पण इथे अंतर तीस वर्षांचं. तीस वर्षांत अकरा अधिक महिने येतात, म्हणून हिजरी महिना जवळजवळ पूर्ण फेरी करून फक्त एक घर मागे येऊन थांबतो. १७६१ च्या पौष शुद्धात जमादिलाखर होता (पानिपतची लढाई त्याच पंधरवड्यातली, पौष शुद्ध अष्टमी, १४ जानेवारी). १७९१ च्या पौष शुद्धात जमादिलावल होता. आणि आमच्या कागदावर ‘जमादिला’च्या पुढे कसरीनं खाल्लेलं भोक!

वार लिहिलेला असता तर तिथी आणि वार जुळवून निकाल लागला असता. वार नव्हता. तेव्हा पत्रात मी लिहिलं:

‘कागद क्र. ७ चं वर्ष १७६१ किंवा १७९१ आहे. मधलं कोणतंही वर्ष संभवत नाही. वर्षाचं दशक आणि महिन्याचा शेवट, दोन्ही एकाच वेळी नष्ट झाल्यामुळे आम्ही यांतलं एक निवडलेलं नाही. सूचीतही दोन्ही वर्षं नोंदवली आहेत.’

‘अंदाजे अठराव्या शतकाचा उत्तरार्ध’ असं लिहिणं सोपं होतं, पण त्यानं हाती असलेली माहितीच पुसट झाली असती. दोनपैकी एक वर्ष नक्की, हे आपल्याला माहीत आहे; तेवढं ठामपणे लिहायला हवं.

पत्राबरोबर शंकास्थळांच्या प्रतिमा मोठ्या करून जोडा आणि प्रत्येकीखाली दोन्ही वाचकांची वाचनं द्या, म्हणजे मोडी जाणणारं कुणी त्यांच्या ओळखीत असेल तर ते स्वतः पाहू शकेल. घरच्यांना एक नेमकी विनंतीही करा. ‘आणखी काही जुनं असेल तर कळवा’ असं मोघम नको. मी त्यांना विचारलं होतं की याच हस्ताक्षरातला, वर्ष शाबूत असलेला दुसरा एखादा कागद, हिशेबाचं पान किंवा पाकिटासारखी घडी घरात राहिली आहे का. एकाच लेखकाच्या हातचा ‘स’ आणि ‘त’ समोर ठेवता आला, तर डागाखालचे अर्धवट फराटे त्यांच्याशी ताडून पाहता येतात.